महिन्याला फक्त चार हजार

दुचाकीच्या शोरूममध्ये टेबलापलीकडे बसलेला तरुण विक्रेता व्हिजिटिंग कार्ड उलटं करतो आणि पेनानं तीन आकडे लिहितो. डीपी २५, ईएमआय ४, महिने २४. मग कार्ड आपल्याकडे सरकवून म्हणतो, "दादा, महिन्याला फक्त चार हजार. पेट्रोलच्या खर्चात जमेल." कार्डावर चौथा आकडा नसतो. गाडी आपल्याला एकूण केवढ्याला पडणार, हा तो आकडा. तो लिहायला विक्रेत्याला कुणी मनाई केलेली नाही आणि काढायला सातवीतलं गणित पुरतं. पण दसरा-पाडव्याच्या गर्दीत तो विचारला जात नाही आणि सांगितलाही जात नाही.

तर आधी तोच काढू. समजा, स्कूटरची ऑन-रोड किंमत १,०५,००० रुपये आहे. ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा धरून. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ च्या सप्टेंबरपासून बंधनकारक आहे, त्यामुळे विम्याचा आकडा बघून दचकू नका; दीडशे सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना त्यातले ३,८५१ रुपये नुसत्या या पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचेच असतात. आता तुम्ही २५,००० रुपये डाउन पेमेंट भरलं. उरलेले ८०,००० फायनान्स कंपनीनं दिले. दर सांगितला १० टक्के, मुदत दोन वर्षं. ८०,००० वर वर्षाचं व्याज ८,०००, दोन वर्षांचं १६,०००. मुद्दल आणि व्याज मिळून ९६,०००, भागिले २४, म्हणजे हप्ता बरोबर ४,०००. प्रोसेसिंग फी २,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६०, असे २,३६० रुपये.

एकूण दिले ते असे: २५,००० अधिक २४ गुणिले ४,००० अधिक २,३६०. उत्तर १,२३,३६० रुपये. रोख घेतली असती तर १,०५,००० ला मिळाली असती. जास्तीचे १८,३६०.

शाळेच्या पुस्तकातलं गणित इथं संपतं. अठरा हजार जास्त गेले, पण दोन वर्षं गाडी वापरायला मिळाली, दूधवाल्याची फेरी किंवा कंपनीची ड्युटी चुकली नाही. मग ते जास्त की कमी? ते ठरवायचं तर दर तपासावा लागतो. आणि इथंच तो १० टक्क्यांचा आकडा जरा खरवडून बघायला हवा.

या पद्धतीला बाजारात फ्लॅट रेट म्हणतात. व्याज काढताना कंपनीनं धरलं की तुमच्याकडे दोन्ही वर्षं पूर्ण ८०,००० रुपये होते. प्रत्यक्षात तसं नसतं. पहिला हप्ता गेला की मुद्दल थोडं फिटतं, दुसऱ्याला आणखी थोडं. शेवटच्या महिन्यात तर तुमच्याकडे त्यांचे जेमतेम ४,००० उरलेले असतात. हप्त्यांनुसार शिल्लक उतरवत गेलं, तर या कर्जात तुमच्याकडे महिन्याकाठी सरासरी ४४,००० च्या आसपासच रक्कम वापरायला असते. ४४,००० वर वर्षाला ८,००० व्याज, म्हणजे दर अठरा टक्क्यांच्या वर गेला. नेमका १८.२.

आपल्याकडे खेड्यात हा हिशोब वेगळ्या भाषेत चालतो. तिथं वर्षाचा टक्का कुणी बोलत नाही. "शेकडा दीड रुपयानं पैसे घेतले" असं म्हणतात, म्हणजे शंभराला महिन्याला दीड रुपया. वरचं कर्ज त्या भाषेत शेकडा दीड रुपयानं घेतलेलं आहे. हेच विक्रेत्यानं कार्डावर लिहिलं असतं, तर गिऱ्हाइकाच्या वडिलांनी चष्मा सारखा करून एकदा तरी वर बघितलं असतं. वर्षाला दहा टक्के म्हटलं की ते बँकेतल्या ठेवीपेक्षा थोडंसंच जास्त वाटतं.

घटत्या शिलकीवर व्याज लावणाऱ्या कर्जाशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. हेच ८०,००० रुपये एखाद्या पगारदार पतसंस्थेनं किंवा बँकेनं १२ टक्के दरानं, पण घटत्या शिलकीवर दिले, तर २४ महिन्यांचा हप्ता ३,७६६ येतो आणि एकूण व्याज सुमारे १०,४००. म्हणजे बारा टक्क्यांचं कर्ज दहा टक्क्यांच्या कर्जापेक्षा साडेपाच हजारांहून जास्त स्वस्त. म्हणून दोन ठिकाणचे दर एकमेकांशेजारी ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: फ्लॅट की रिड्यूसिंग? विक्रेत्यांना हे दोन्ही शब्द चांगले ठाऊक असतात.

प्रोसेसिंग फीकडे बहुतेकजण किरकोळ खर्च म्हणून बघतात. ८०,००० समोर २,३६० दिसतातच किती? पण ती पहिल्याच दिवशी जाते, हे तिचं वैशिष्ट्य. कंपनीनं कागदोपत्री ८०,००० दिले आणि २,३६० लगेच परत घेतले, म्हणजे तुमच्या कामी आले ७७,६४०. हप्ते मात्र ८०,००० चे. असं धरून दर काढला तर १८.२ चा २१.३ होतो. मुदत जितकी कमी, तितकी ही फी दराला जड पडते, कारण ती महिन्यांवर पसरायला जागाच कमी मिळते. एका वर्षाच्या कर्जाला तीच फी सोसावी लागली, तर दर याहून जास्त उचलला जाईल.

हा दर हातानं काढणं किचकट आहे, पण मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये एका ओळीचं काम आहे. कंसात पहिला आकडा महिन्यांचा, दुसरा हप्त्याचा (उणे चिन्हासह), तिसरा प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेचा:

```
=RATE(24,-4000,80000)*12
=RATE(24,-4000,77640)*12
```

पहिल्या ओळीचं उत्तर ०.१८२ च्या जवळ येतं, दुसरीचं ०.२१३ च्या. शंभरानं गुणलं की टक्के. शोरूममधल्या खुर्चीवर बसूनही हे करता येतं आणि समोरचा त्याला आक्षेप घेऊ शकत नाही.

आता डाउन पेमेंटचं. कागदावर २५,००० असले, तरी गाडी न्यायच्या दिवशी "३१,३६० घेऊन या" असा फोन येतो. गिऱ्हाइकाला वाटतं, डाउन पेमेंट वाढलं. तसं झालेलं नसतं. त्यात २५,००० स्वतःचा हिस्सा, २,३६० प्रोसेसिंग फी आणि ४,००० पहिला हप्ता आगाऊ असतो. असं असेल तर पुढं २३ हप्ते राहिले पाहिजेत. ३१,३६० अधिक २३ चौक ९२ हजार, बेरीज तीच १,२३,३६०. पण करारात २४ हप्ते पुढच्या महिन्यापासून लावलेले असतील आणि आगाऊ हप्ताही घेतलेला असेल, तर तुम्ही २५ हप्ते भरताय. ही चूक मुद्दाम असो वा टायपिंगची, पकडायची जागा एकच: परतफेडीचं वेळापत्रक. त्यातल्या ओळी बोटानं मोजायच्या.

बेरीज तीच राहिली, तरी आगाऊ हप्ता फुकट नसतो हेही सांगायला हवं. ज्या दिवशी ८०,००० घेतले त्याच दिवशी त्यातले ४,००० परत दिले, म्हणजे खरं कर्ज ७६,००० चं आणि हप्ते २३. फी बाजूला ठेवली तरी दर १८.२ वरून जवळजवळ २० वर जातो. रुपयांचा आकडा हलत नाही आणि पैसा मात्र महाग होतो. असं कसं? कारण एकूण दिलेली रक्कम फक्त किती दिले ते सांगते, कधी दिले ते सांगत नाही. म्हणून दोन्ही आकडे लागतात. घरच्या बजेटला एकूण रक्कम, आणि दोन योजनांची तुलना करायला दर.

मुदत वाढवून हप्ता हलका करणं हा शोरूममधला सगळ्यांत सोपा उपाय. "चार जड वाटतात? मग तीन वर्षांचं करू, एकोणतीसशे पडतील." त्याच फ्लॅट १० टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज २४,०००, हप्ता २,८८९. महिन्याला अकराशे वाचले. पण एकूण १,३१,३६० च्या पुढं गेले, म्हणजे आणखी आठ हजार. शिवाय तिसऱ्या वर्षी टायर, बॅटरी यांचा खर्च हळूहळू डोकं वर काढू लागतो, तेव्हाही हप्ता चालूच असतो. उलट बाजूनं, दिवाळीचा बोनस किंवा भिशी लागली म्हणून डाउन पेमेंट ४५,००० केलं, तर कर्ज ६०,००० वर येतं, हप्ता ३,०००, व्याज १२,०००, एकूण १,१९,३६०. जास्तीच्या वीस हजारांनी चार हजारांचं व्याज वाचवलं. म्हणजे माझ्या मते, बँकेत आठ टक्क्यांनी पडून असलेली ठेव मोडून डाउन पेमेंट वाढवणं बहुतेकांना फायद्याचंच ठरतं. अपवाद एवढाच की घरात दवाखान्यासाठी म्हणून ठेवलेले पैसे असतील तर त्यांना हात लावू नये. ते दुसऱ्या कामाचे असतात.

कार्डावरचा हप्ता आणि करारातला हप्ता यांत शे-दीडशेचा फरक दिसला, तर तो सोडून देऊ नका. ४,००० च्या जागी ४,१५० आलं असेल तर उलटं गणित करा. ४,१५० गुणिले २४ म्हणजे ९९,६००. याच फ्लॅट दरानं हे व्याजासकट कर्ज ८३,००० चं आहे. तुमच्या ८०,००० त कुणीतरी ३,००० घातले. बहुतेक वेळा ते कर्जदाराचा विमा, वाढीव वॉरंटी किंवा रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी असं काहीतरी असतं. त्यात वाईट काही नाही, हवं असेल तर जरूर घ्यावं. पण कर्जात घातल्यावर त्या ३,००० चे ३,६०० होतात, आणि तुम्ही ते निवडलं होतं की तुमच्यासाठी निवडलं गेलं, हा प्रश्न उरतो. गाडीचा विमाही शोरूममधूनच घ्यायला हवा असा नियम नाही. बाहेरचं कोटेशन आणून दाखवलं की कित्येकदा तिथलाच आकडा खाली येतो.

"झिरो टक्के" ही पाटी दिसली की लोकांचे पाय आपोआप थांबतात. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच; ते व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत लपवलेलं असतं. तपासायचं कसं? रोख भरणाऱ्याला गाडी केवढ्याला मिळते ते आधी विचारायचं, कर्जाचा विषय न काढता. समजा रोखीला ४,००० सूट आहे आणि झिरो टक्क्यांत ती नाही, तर ते ४,००० हेच व्याज. वरून फी आहेच.

२०२४ च्या १ ऑक्टोबरपासून यातला बराच अंधार कमी व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही आहे. रिझर्व्ह बँकेनं बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ मुदत कर्जासाठी एक ठरावीक नमुन्यातला कागद देणं बंधनकारक केलं. की फॅक्ट स्टेटमेंट, बोलीत केएफएस. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आहे, म्हणजे मराठीत मागता येतो. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो आणि त्यात फीसुद्धा धरलेली असते. आपल्या उदाहरणातला २१.३ तो हाच. त्यासोबत परतफेडीचं वेळापत्रक जोडायचं असतं. या कागदात न लिहिलेली कुठलीही फी पुढं तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आणि दुचाकीच्या कर्जासारख्या मुदतीच्या कर्जाला या कागदातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात, म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ आहे.

प्रत्यक्षात काय होतं? मोबाइलवर ओटीपी येतो, "सांगा सर पटकन, सर्व्हर स्लो आहे", आणि ओटीपी सांगितला की केएफएस वाचून मान्य केला अशी नोंद होते. मग तो पीडीएफ होऊन ईमेलमध्ये पडतो, तोही त्या पत्त्यावर जो भरताना घाईत चुकलेला असतो. म्हणून क्रम उलटा करावा. आधी केएफएस व्हॉट्सॅपवर मागवा, एपीआरची ओळ शोधा, वेळापत्रकाची बेरीज करा, मग ओटीपी द्या. ते जर "तो नंतर मिळतो" म्हणाले, तर नियमाप्रमाणे तो आधीच मिळायला हवा, एवढं सांगितलं तरी पुरतं.

आत्तापर्यंतचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे: चोवीसच्या चोवीस हप्ते वेळेवर गेले. ते मोडलं की एकूण रकमेत नवी ओळ येते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, त्याची तारीख समजा ५ आणि पगार जमा होतो ७ तारखेला. ५ ला शिल्लक नाही म्हणून हप्ता परत गेला, म्हणजे बाऊन्स झाला. त्याचे पैसे फायनान्स कंपनी वेगळे लावते आणि तुमची बँक वेगळे. दोन्ही मिळून ८०० धरले, तर तीन वेळा बाऊन्स झाल्यावर २,४०० गेले, प्रोसेसिंग फीपेक्षाही जास्त. एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना उशिरासाठी दंडाचं व्याज लावता येत नाही, दंड वेगळी रक्कम म्हणून घ्यावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पण दंड असतोच. करार करतानाच हप्त्याची तारीख १० मागून घेतली, तर हा सगळा प्रकार उद्भवतच नाही. फुकटात पैसे वाचवण्याची यापेक्षा सोपी जागा या व्यवहारात दुसरी नाही.

मुदतीआधी कर्ज फेडायला गेलेल्या माणसाची निराशा मात्र वेगळ्याच प्रकारची असते. बारा हप्ते झाले, निम्मे फिटले, म्हणजे ८०,००० चे ४०,००० राहिले असा त्याचा साधा हिशोब. कंपनी सांगते ४३,६००. ही फसवणूक नाही. हप्ता सारखा असला तरी आतली वाटणी सारखी नसते. पहिल्या ४,००० मध्ये १,२१० व्याज आणि २,७९० मुद्दल. दुसऱ्यात १,१६८ आणि २,८३२. अगदी शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं ६० रुपये. १६,००० च्या एकूण व्याजातलं सुमारे ११,६०० पहिल्याच वर्षी भरून झालेलं असतं. त्यावर मुदतपूर्व फेडीची फी. ती ४ टक्के असेल तर जीएसटीसह सुमारे २,०६०, म्हणजे एकूण ४५,६५० च्या घरात द्यायचे. उरलेले बारा हप्ते चालू ठेवले असते तर ४८,००० गेले असते. वाचले साधारण २,३५०. तेवढ्यासाठी गाठीचे पंचेचाळीस हजार एकदम काढायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सहाव्या महिन्यात फेडलं असतं तर चित्र बरंच बरं दिसलं असतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर अशी फी घेता येत नाही, पण दुचाकीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात, त्यामुळे तो आधार इथं सहसा लागू पडत नाही. फीची टक्केवारी केएफएसमध्ये असते आणि ती सही करण्याआधीच बघायची असते.

शेवटचा हप्ता गेला की बँकेतून पैसे कटणं थांबतं आणि बहुतेकजण तो विषय तिथंच सोडतात. पण गाडीच्या आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव, म्हणजे बोजा, तसाच असतो. तो चढवायला सुरुवातीला दुचाकीसाठी ५०० रुपये फी आरटीओत गेलेली असते (रोखीनं गाडी घेणाऱ्याला ती लागत नाही, तेव्हा तीही कर्जाच्याच खात्यात धरा). बोजा आपोआप उतरत नाही. कंपनीकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, तो आरटीओत द्यायचा, आणि विमा पॉलिसीवरचं नावही काढून घ्यायचं. हे राहिलं तर चार वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक आरसी बघूनच मागं फिरतं, आणि तोवर त्या कंपनीची गावातली शाखा बंद झालेली असली तर एनओसीसाठी जिल्ह्याच्या गावी दोन चकरा ठरलेल्या.